झाकून ठेवलेलं पान

शकिलाला कुणाला नाही म्हणता येत नसे. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसून तिनं अख्ख्या मोहल्ल्याची झंपरं शिवली, पण "ईदच्या आधी होणार न्हाई" हे एक वाक्य काही तिच्या तोंडून निघालं नाही. रात्रीचा दिवस करायची आणि कपडा द्यायची. असल्या बाईला नांदेडहून लातूरला फोन करून सांगायचं होतं की, तुमच्या लेकीच्या लग्नात मी जेवणार नाही. आणि लेक होती मंजुश्री, जिला तिनं स्वतःच्या मांडीवर झोपवलं होतं.

कारण साधं होतं आणि सांगण्यासारखं नव्हतं. मंजूच्या लग्नाच्या दिवशी रोजा धरायची मन्नत तिनं मागितली होती.

चार वर्षांपूर्वी, त्या वाईट उन्हाळ्यात, मंजू लातूरच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. घरच्या कुणाला आत सोडत नव्हते. बुद्धप्रिया नावाच्या एका नर्सबाईनं तेवढी दया केली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन ती पोरीच्या कानाशी धरायची आणि घरचे एकेक जण बोलायचे. शकिलाच्या वाट्याला दोन मिनिटं आली. पलीकडून नुसता मशीनचा फुसफुस आवाज येत होता. नर्सबाई म्हणाल्या, "बोला मावशी, पण तिला ऐकू जात नसावं." शकिला बोलली. म्हणाली, "ऊठ बाई. तुझ्या लग्नादिवशी मी रोजा धरीन. पाण्याचा थेंब घेणार न्हाई. तू निस्ती ऊठ." मग दोन मिनिटं संपली.

मंजू उठली. वजन निम्मं झालं, केस गळाले, पण उठली. आणि आता औशाच्या एका चांगल्या घरी तिचं ठरलं होतं. तारीख मेच्या मधली, मुहूर्त दुपारी बारा वीसचा.

शेजारच्या गल्लीत पोरींना कुराण शिकवणारी नाजिया राहायची. तिला शकिलानं विचारून घेतलं. नाजिया म्हणाली, "खाला, नफ्ल, म्हणजे आपखुशीचा रोजा असता तर दावत देणाऱ्याचं मन राखायला सोडता आला असता. नंतर त्याच्या बदली एक धरला की झालं. पण ही मन्नत. काम झालं की ती वाजिब, फेडावीच लागती. जेवणाखातर मोडू नका." शकिलानं मान हलवली. मोडायचा तिचा विचार नव्हताच, नुसतं सांगायचं कसं तेवढंच अडलं होतं.

तिनं मशीनवर बसून वाक्यं जुळवली. रोजेदार माणसानं दावतीचं आमंत्रण नाकारायचं नसतं. जायचं, दुवा द्यायची, आणि यजमानाला आधीच कल्पना द्यायची, म्हणजे त्याचं वाढलेलं पान वाया जात नाही आणि चारचौघांत त्याची मान खाली जात नाही. म्हणून आधी येणार हे सांगायचं. मग दिवसभर काय काम करणार ते सांगायचं. मग रोजा आणि सुटायची वेळ. शेवटी, आपल्यासाठी वेगळं काही करू नका. "खाणार न्हाई" हा शब्द कुठंच येता कामा नये. तीनदा घोकलं आणि पंधरा दिवस आधी महानंदाला फोन लावला.

महानंदा म्हणजे मंजूची आई. लातुरात वीस वर्षं दोघींच्या घरांची भिंत एकच होती.

"शकिला? बरं झालं तूच फोन केलीस," महानंदा म्हणाली. तिच्यामागं पापड वाळत घालणाऱ्या बायकांचा गलका चालला होता. "आईक, ध्यानात हाय ना? पहिलं पान तुझं."

शकिलाच्या ओठांवर आलेलं पहिलं वाक्य तिथंच राहिलं.

पहिल्या पानाची गोष्ट सांगितली पाहिजे. महानंदाचं घर लिंगायत, तिच्या नवऱ्याचं, गुरुबसप्पांचं, आडत बाजारात दुकान. लग्नात आधी स्वामींचा प्रसाद होतो, तो सगळीकडेच. पण या घरात त्यापुढं आणखी एक रीत होती. पंगत बसली की पहिलं पान नवरीच्या आईच्या बहिणीसारख्या बाईचं. पानाभोवती रांगोळी, नवरा-नवरी तिच्या पाया पडणार, ती पहिला घास घेणार, मग पंगत हात लावणार. सकाळपासून उपाशी असलेली नवरीची आईही त्यानंतरच तोंडात काही घालणार.

महानंदाची सासू जिवंत होती तेव्हा शकिलाचा स्टीलचा गिलास या घरात बाहेरच्या कोनाड्यात असायचा. वेगळा. शकिला आली की सासूबाई वरून पाणी ओतायच्या. बाई वाईट नव्हत्या, गुळाचा खडाही द्यायच्या, पण गिलास बाहेरच. शकिलानं कधी तोंड वाकडं केलं नाही. लाज वाटायची ती महानंदाला. मंजूच्या बारशाला ती मागच्या दारी शकिलाचा हात धरून रडली होती आणि म्हणाली होती, "हिच्या लग्नात पहिलं पान तुझं. आमच्या पंगतीत. बघत राहतील सगळे." सासूबाई गेल्या, गिलास कुठं गेला देव जाणे, पण शब्द तसाच उभा होता.

"ध्यानात हाय अक्का," शकिला फोनवर म्हणाली. "येते की."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला आणि स्वतःला शिव्या दिल्या.

दोन दिवसांनी तिनं महानंदाच्या मोठ्या मुलाला, रुद्रेशला फोन केला. लग्नाचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. त्याच्यापुढं वाक्यं बरोबर निघाली.

"रुद्रेश, मी सकाळच्या गाडीनं येणार बघ. दिसभर थांबणार, वाढायला लागणार. त्या दिवशी माझा रोजा हाय. तवा माझं पान सांजेला. सहा वाजून चौपन्न मिनिटांनी रोजा सुटतो. खजूर मी आणते. तू काय बी वेगळं करू नको."

"रमजान तर झाला की, खाला."

"हा दुसरा हाय."

रुद्रेशनं पुढं विचारलं नाही. गुणी पोरगं. फक्त म्हणाला, "पाणी तर चालंल ना? ऊन लई हाय."

"न्हाई रे."

"उसाचा रस?"

"न्हाई."

"मग मामाला सांगून भगर करू का? शेंगदाण्याची आमटी?"

शकिलाला हसू आलं. "अरे ती तुमच्या सोमवाराला. आमच्यात थुंकी तेवढी गिळता येती."

रुद्रेशनं सगळं लिहून घेतलं. भटारखाना बघणाऱ्या मडिवाळप्पा मामांना त्यानं यादीच दिली: शकिलाखाला, रोजा, संध्याकाळी सहा चौपन्न, ताजा भात, गरम पुऱ्या, सरबत वेगळं झाकून, नमाजाला कार्यालयाच्या मागची खोली, पश्चिमेकडची भिंत मोकळी. इतकं नीटनेटकं काम सरकारी कचेरीतही होत नाही. राहिलं एकच. आईला सांगायचं राहिलं. तो विसरला असं नाही. आईला वाईट वाटेल, ऐन लग्नात ती कष्टी होईल, म्हणून त्यानं प्रेमानं गप्प बसायचं ठरवलं. शकिलाला वाटलं रुद्रेश सांगेल. रुद्रेशला वाटलं पंगत बसली की बघू. आणि निरोप सगळीकडे फिरून आला, फक्त ज्या बाईचं ते पान होतं तिच्या कानावर गेला नाही.

*

लग्नाच्या दिवशी चारच्या सुमाराला शकिलानं सहरी केली. एक भाकरी, दही, दोन गिलास पाणी. अजान झाली आणि तिनं तोंड पुसलं. सहाच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं. काळी रानं नांगरून पडली होती आणि त्यांच्यावरून ऊन हळूहळू सरकत होतं. रिकाम्या पोटानं आणि अर्धवट झोपेनं शकिलाला सगळं किंचित दूर दिसत होतं. डोळे मिटले की तिला ती भिंत दिसायची, दोन घरांमधली, आणि भिंतीवर बसून पाय हलवणारी चार वर्षांची मंजू. पोरगी विचारायची, "खाला, मी कुणाच्या घरात हाय?" शकिला म्हणायची, "एक पाय इकडं, एक पाय तिकडं." डोळे उघडले की चाकूर आलेलं असायचं. मग पुन्हा भिंत. गाडीच्या घरघरीत तिला मधूनच तो ऑक्सिजनचा फुसफुस आवाजही ऐकू आला, पण आता त्याची भीती वाटली नाही.

कार्यालयात पोचली तर साडेनऊ वाजले होते. महानंदा धावत आली, नवीन इरकल नेसलेली, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. दोघी गळ्यात पडल्या. आत्ता सांगावं, असं शकिलाच्या मनात आलं. तेवढ्यात औशाचे पाहुणे आले आणि महानंदाला कुणीतरी ओढून नेलं.

दिवस मोठा विचित्र गोड चालला होता. पंख्यांची हवा गरम होती. मोगऱ्याचा, तुपाचा आणि ओल्या केळीच्या पानांचा वास एकमेकांत मिसळून हॉलभर तरंगत होता, आणि शकिला त्यातून चालत होती, पाय जमिनीला लागतात की नाही याची तिला खात्री नव्हती. तिनं अक्षता वाटल्या. रडणाऱ्या एका बाळाला खांद्यावर घेऊन झोपवलं. स्वामींनी मंत्र म्हटले, बारा वीसला अक्षता पडल्या. मंजू मान खाली घालून उभी होती आणि तिच्या कपाळावर तांदळाचा एक दाणा चिकटून राहिला होता. शकिला त्या एका दाण्याकडे बघत राहिली. पोरगी श्वास घेत होती. आत, बाहेर, आत, बाहेर. नळी नाही, मशीन नाही. शकिलाला रडू आलं आणि ते तिनं पदरानं टिपलं.

मग पंगत बसली.

हल्ली सगळीकडे उभ्यानं खायची पद्धत, पण पहिली पंगत महानंदानं हट्टानं बसवली होती. केळीची पानं, त्यावर वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, पुऱ्या, बुंदी, वरण-भात, त्यावर तूप. रांगेच्या सुरुवातीला एका पानाभोवती रांगोळी होती आणि त्यासमोर पाट.

"शकिला," महानंदानं सगळ्यांसमोर हाक मारली. आवाज भरून आला होता. "ये. बस."

शकिला पाटापाशी गेली. रुद्रेश मागच्या मागं घाईनं येत होता, पण मधे वाढप्यांची गर्दी होती.

"अक्का," शकिला हळूच म्हणाली, "माझं पान सांजेला. मी रुद्रेशला सांगितलं होतं. आज माझा रोजा हाय."

महानंदानं विचारलं, "आज?"

"हाव."

"रमजान न्हाई, काय न्हाई. आजच?"

खरं सांगावं तर मंजूवर उपकार केल्यासारखं होणार. मन्नत माणसानं आपल्या आणि वरच्याच्या मधे ठेवायची असते. पोरीनं तिचं ओझं जन्मभर का वाहावं? आणि खरं सांगू नये तर समोर हे तोंड. पंगतीतल्या शंभर माणसांचे हात पानाशी थांबलेले होते. औशाकडच्या कुणीतरी बाईनं शेजारणीला म्हटलं, "न्हाई खात वाटतं यांच्या हातचं." हळू म्हटलं, पण ऐकू आलं.

महानंदा पुढं झुकली. ती फक्त शकिलाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "तो गिलास अजून विसरली न्हाईस ना तू?"

ते वाक्य शकिलाच्या काळजात घुसलं. पंचवीस वर्षांत तिनं जो अपमान मानला नव्हता, तो या बाईनं तिच्या वतीनं रोज मोजला होता, आणि आज तिला वाटत होतं की शकिला त्याची भरपाई करून घेतेय. शंभर पानांसमोर. तिच्या लेकीच्या लग्नात.

शकिला पाटावर बसली.

तिनं मनात म्हटलं, या अल्ला, तू तर सगळं जाणतोस. याच्या बदली मी कजा रोजा धरीन, एकाचे साठ धरीन, पण हिचं तोंड मला असं बघवत नाही. तिनं पुरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला. हात उचलला. हात हलका झाला होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

तेवढ्यात तिच्या मनगटावर मेंदीचा हात पडला.

रीतीप्रमाणं पाया पडायला आलेली मंजू शालूसकट खाली बसली होती. तिनं शकिलाचं मनगट घट्ट धरलं.

"खाला, थांब." ती म्हणाली. "रोजा हाय?"

शकिलानं मान हलवली.

"माझ्या लग्नादिवशी रोजा?" मंजूचा आवाज बारीक झाला. "पाण्याचा थेंब बी न्हाई?"

शकिलाच्या हातातून घास पानावर पडला. हे शब्द तिनं कुणाला सांगितले नव्हते. मन्नतीचं विचारताना नाजियालाही नव्हते.

"तुला कोण सांगितलं?"

"मला सपान वाटायचं ते," मंजू म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "दवाखान्यात. मी कुठंतरी लई खोल होते, गार, आणि कुणीतरी वरून म्हणत होतं, ऊठ बाई, तुझ्या लग्नादिवशी रोजा धरीन. तू निस्ती ऊठ. चार वर्षं झाली, मी कुणाला सांगितलं न्हाई. म्हटलं, येड लागलं म्हणतील. कुणाचा आवाज, ते बी कळत नव्हतं." तिनं मान फिरवली. "अव्वा, खालानं माझ्यासाठी मागितलं होतं. तिला खायला लावू नको."

रुद्रेश शेवटी पोचला होता आणि घामाघूम होऊन म्हणत होता, "मला ठाऊक होतं, मामाला बी ठाऊक होतं, मीच तुला सांगितलं न्हाई, अव्वा. तुला वाईट वाटंल म्हणून." त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

महानंदा खाली बसली, भर पंगतीत, रांगोळीवरच. तिनं शकिलाचे दोन्ही हात हातात घेतले आणि ते आपल्या कपाळाला लावले. मग नाक पुसून उठली आणि एकदम नेहमीची झाली.

"मडिवाळ्या," तिनं भावाला हाक मारली. "हे पान झाकून ठेव. दुसरं पान उलटं घाल त्याच्यावर. कुणी हात लावू नको."

"आणि पंगत?" मामांनी विचारलं. "लोकं थांबलीत."

"पंगत शकिला सुरू करती." तिनं तुपाचं भांडं उचलून शकिलाच्या हातात दिलं. "घास न्हाई तर न्हाई. तू वाढ."

शकिलानं भांडं घेतलं. रांगेतल्या पहिल्या भातावर तिनं तूप घातलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. औशाच्या त्या बाईपाशी आली तेव्हा बाईनं मान खाली घालून पान पुढं सरकवलं. शकिलानं तिला दोन पळ्या जास्त घातल्या. तुपाचा वास थेट डोक्यात जात होता, पण भूक नावाची गोष्ट कुठंतरी फार लांब राहिली होती.

*

दुपार उतरली. बऱ्याच खुर्च्या उचलल्या गेल्या. मागच्या खोलीत शकिलानं असरची नमाज पढली आणि तिथंच भिंतीला टेकून तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हाचा पट्टा दारातून बाहेर चालला होता आणि समोर महानंदा बसली होती, झाकलेलं पान मधे ठेवून. मडिवाळप्पा मामा ताज्या पुऱ्या आणि गरम भात ठेवून गेले होते. औशाची वरात साडेसातला निघणार होती, म्हणून मंजूही दारातल्या पायरीवर बसली होती, शालू गुडघ्यांवर गोळा करून. बाहेर मांडववाल्यांनी कनात सोडली आणि सगळा उजेड केशरी होऊन खोलीत आला.

शकिलानं पिशवीतून खजुराचा पुडा काढला. महानंदाच्या सुकलेल्या ओठांकडे तिचं लक्ष गेलं.

"अक्का, तू जेवलीस ना?"

महानंदानं मान हलवली. "पहिल्या पानानं घास घेतल्याबिगर मी कशी जेवीन?"

"पाणी तरी?"

"दुपारपासून न्हाई. म्हटलं, माझ्या लेकीसाठी ती तहानलेली राहती, तर मी आई हाय तिची."

लांबून मशिदीतून अजान ऐकू आली. सहा चौपन्न. मंजूनं उठून माठातलं पाणी गिलासात घेतलं आणि खालापुढं धरलं. शकिलानं ओठ हलवून दुवा म्हटली, खजूर तोंडात टाकला आणि पाणी प्यायली. अर्धा गिलास. उरलेलं ती खाली ठेवणार, एवढ्यात महानंदानं हात पुढं केला.

"दुसरा आणते अव्वा," मंजू म्हणाली.

"कशाला?" महानंदा म्हणाली. तिनं शकिलाच्या हातातून तोच गिलास घेतला, शकिलाचे ओठ जिथं लागले होते तिथंच आपले लावले आणि उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग तिनं झाकलेलं पान उघडलं.